गाडी पोचली कधी, लागली कधी?

भिवंडीच्या आसपास माणकोली, पिंपळास, वळ, काल्हेर, पूर्णा या गावांमध्ये आता शेतांपेक्षा गोदामं जास्त दिसतात. मुंबई-ठाण्याच्या घरात येणारा साबण, बिस्किटं, फ्रिज, औषधं यांतला पुष्कळसा माल आधी इथे उतरतो. सकाळी या भागातून जाणाऱ्याला रस्त्याच्या कडेला ट्रकची लांबच लांब रांग दिसते आणि तो वाहतूक कोंडीच्या नावाने बोटं मोडत पुढे जातो. रांगेतल्या बऱ्याच गाड्यांचा प्रवास मात्र संपलेला असतो. बंगळूर, इंदूर किंवा सिल्वासाहून रात्रभर धावून त्या पत्त्यावर पोचल्या आहेत आणि माल उतरवून घेणाऱ्याची वाट बघत उभ्या आहेत.

ठरलेल्या वेळेपेक्षा गाडी जास्त अडकून पडली की कंपन्यांच्या कागदावर त्याला ‘डिटेन्शन’ म्हणतात, ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर ‘हॉल्टिंग’. हा विषय वाहतूकदारांच्या बैठकीत निघतो तेव्हा त्याच्या शेजारी दुसरी एक तक्रार असतेच, ती म्हणजे चालक मिळत नाहीत. मालकाच्या दारात गाड्या उभ्या आहेत आणि त्या चालवायला माणूस नाही. या दोन तक्रारी बहुधा वेगवेगळ्या खात्यांत टाकल्या जातात. माझ्या मते त्या एकाच खात्यात मोडतात.

चालक का मिळत नाहीत याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. पंधरा-पंधरा दिवस घर दिसत नाही, रस्त्यावर पोलीस आणि आरटीओ, अपघात झाला तर जमावाचा मार. २०२४च्या पहिल्याच दिवसांत नव्या न्याय संहितेतल्या ‘हिट अँड रन’च्या तरतुदीविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, ते अनेकांना आठवत असेल. सरकारनेही काही केलं नाही असं नाही. चालकाच्या परवान्यासाठीची आठवी पास असण्याची अट २०१९मध्ये काढून टाकली. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण एसी इंजिन चालू असताना चालतो, आणि गोदामाच्या दारात दहा तास उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला डिझेलचे पैसे कोण देणार?

अमेरिकेत हाच वाद अधिक उघडपणे झाला आहे. तिथल्या ट्रक मालकांच्या संघटनेने २०२१मध्ये ऐंशी हजार चालकांची तूट असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी एमआयटीचे संशोधक डेव्हिड कोरेल यांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे वेगळा हिशेब मांडला. कायद्याने चालकाला दिवसात अकरा तास गाडी हाकता येते, प्रत्यक्षात लांब पल्ल्याचा चालक सरासरी साडेसहा तासच हाकतो, आणि उरलेल्या वेळेचा मोठा भाग माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी जातो. प्रत्येक चालकाचा रोजचा हाकण्याचा वेळ अवघ्या अठरा मिनिटांनी वाढला तरी जिला तूट म्हणतात ती भरून निघू शकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे चालक कमी आहेत त्याहून जास्त त्यांचे तास वाया जात आहेत.

आपल्याकडचा हिशेब एक फेरी धरून करून बघू. भिवंडी ते बंगळूर साधारण हजार किलोमीटर. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. या फेरीत गाडी चार ठिकाणी उभी राहते: भिवंडीत माल भरायला, बंगळूरला खाली करायला, तिथे परतीचा माल भरायला आणि इकडे येऊन पुन्हा खाली करायला. प्रत्येक ठिकाणी फक्त अर्धा दिवस गेला असं धरलं, तरी फेरी चारऐवजी सहा दिवसांची होते. महिन्यात चोवीस दिवस काम धरलं तर चालकाच्या चार फेऱ्या होतात. थांबण्याचा वेळ निम्मा झाला तर फेरी पाच दिवसांची होईल आणि महिन्यात सरासरी ४.८ फेऱ्या पडतील. शंभर चालकांच्या वाहतूकदाराकडे चारशेच्या जागी चारशे ऐंशी फेऱ्या. एकही नवी भरती न करता वीस चालक जास्त आल्यासारखं आहे हे.

बहुतेक चालकांना फेरीवर पैसे मिळतात, त्यामुळे त्यांच्या खिशाचंही गणित हेच आहे. गाडी उभी तर भत्ता जेवणापुरता. बरं, उभं राहणं म्हणजे विश्रांती असंही नाही. रांग दर अर्ध्या तासाने एक गाडी पुढे सरकते, तेव्हा चाक हलवायला जागं राहावंच लागतं. झोप लागली तर मागचा पुढे घुसतो. डिझेलवर आणि ताडपत्रीवर नजर ठेवायची, संडास शोधायचा, आणि गाडी सुटली की मालकाचा फोन येतो, ‘आता गेलेला वेळ भरून काढ.’ अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८च्या अहवालात अंदाज केला होता की मालाच्या जागी गाडीचा मुक्काम पंधरा मिनिटांनी वाढला की अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. आपल्या १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. ती कुणी मोजत असल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही.

आता गोदामाच्या आत जाऊ. आत उभ्या असलेल्या व्यवस्थापकाला ही रांग दिसते, पण ती त्याची अडचण वाटत नाही. असं का होतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. समजा, एका गोदामाला सहा डॉक आहेत, म्हणजे गाडी मागे घेऊन लावायच्या सहा जागा. दिवसाला तीस गाड्या खाली करायच्या आहेत. प्रत्येक गाडीला दीड तास लागतो. काम सकाळी नऊला सुरू होतं. जड वाहनांना शहराच्या रस्त्यांवर दिवसा बंदी असते, म्हणून चालक रात्रीच येऊन पोचतात. तीसपैकी वीस गाड्या सात वाजेपर्यंत गेटवर हजर होतात आणि उरलेल्या दहा दुपारी एकच्या सुमारास येतात.

नऊला पहिल्या सहा लागतात, साडेदहाला पुढच्या सहा, बाराला आणखी सहा. दीड वाजता सकाळच्या उरलेल्या दोन आणि दुपारच्या चार. तीनला शेवटच्या सहा. साडेचारला सगळं खाली. नऊपासून साडेचारपर्यंत एकही डॉक एक मिनिट रिकामा नाही, हमालांची टोळी सतत कामात, तीसच्या तीस गाड्या मोकळ्या. व्यवस्थापकाचा अहवाल उत्तम येणार. आता गेटबाहेरच्या बाजूने तेच मोजू. सकाळच्या वीस गाड्यांचा थांबलेला वेळ मिळून होतो ७६ तास, दुपारच्या दहांचा १४ तास. एकूण ९० तास, गाडीमागे सरासरी तीन. सात ते तीन या आठ तासांत कुठल्याही क्षणी रस्त्यावर सरासरी अकरा गाड्या उभ्या. या नव्वद तासांचा एक पैसाही गोदामाच्या खर्चात दिसत नाही, आणि म्हणून तिथे कुणाला त्याची काळजी नाही.

डॉकची वेळ आधी ठरवून देण्याची पद्धत इथे उपयोगी पडते. तिला कंपन्यांत डॉक शेड्युलिंग किंवा साधं ‘स्लॉट’ म्हणतात. वरच्याच तीस गाड्यांना नऊ, साडेदहा, बारा, दीड आणि तीन अशा पाच वेळा सहा-सहाने वाटून दिल्या आणि प्रत्येकाला अर्धा तास आधी यायला सांगितलं, तर थांबण्याचा एकूण वेळ १५ तास होतो. रस्त्यावर एका वेळी सरासरी दोन-तीन गाड्या. डॉक तेवढेच, माणसं तेवढीच, काम संपायची वेळही साडेचारच. नव्वदचे पंधरा झाले ते फक्त येण्याच्या वेळा पसरल्यामुळे. ज्याची वेळ तीनची आहे तो चालक मधले तास हायवेवरच्या ढाब्यावर खाट टाकून झोपू शकतो. त्याहून चांगलं म्हणजे त्याची गाडी मुळात उशिराच भरून निघते.

कागदावर हे इतकं सोपं आहे की मग सगळीकडे का होत नाही, असं कुणी विचारेल. काही ठिकाणी होतं, आणि तिथेही चालक शिव्या घालतात. कारण स्लॉट देणं आणि स्लॉट पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली चूक गाडी खाली व्हायला लागणाऱ्या वेळेत होते. मी वर सगळ्यांना दीड तास धरला तो हिशेबाच्या सोयीसाठी. लाकडी पॅलेटवर रचून आलेला माल फोर्कलिफ्ट पाऊण तासात उतरवते. तोच माल सुट्या खोक्यांत आला तर हाताने उतरवून, मोजून, थप्पी लावायला तीन तास जातात. चार-पाच प्रकारचा माल एकत्र आला तर वेगळं करण्यात आणखी वेळ. सगळ्यांना सारखाच स्लॉट देणाऱ्या गोदामात अकरा वाजेपर्यंत वेळापत्रक कोलमडतं आणि रखवालदार पुन्हा ‘जो आधी आला तो आधी’वर येतो. म्हणून स्लॉट मागतानाच माल कसा भरला आहे, किती नग आहेत, गाडी मागून उघडते की बाजूने, हे विचारावं लागतं. महिनाभर प्रत्येक प्रकाराला खरोखर किती वेळ लागला ते मोजून मगच स्लॉटची लांबी ठरवावी लागते.

दुसरी गोष्ट मोकळी जागा राखण्याची. घोडबंदर रोडवर किंवा कसारा घाटात एक गाडी आडवी झाली की मागच्या सगळ्यांच्या वेळा चुकतात. दिवसाचे सगळे स्लॉट भरून टाकले तर उशिरा आलेल्याला जागा उरत नाही आणि ‘तुमची वेळ गेली, आता उद्या’ हे उत्तर मिळतं. तीन तासांचं डिटेन्शन वाचवायला आणलेली पद्धत मग चोवीस तासांचं डिटेन्शन देते. आपल्या उदाहरणात साडेचार ते सहा ही एक फेरी मोकळी ठेवता येते. ती उशीर झालेल्यांसाठी. उलट बाजूने, पहिल्या वेळेच्या गाड्याच आल्या नाहीत तर टोळी हात चोळत बसते. याचा उपाय १९५२मध्ये ब्रिटनच्या नॉर्मन बेली यांनी दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण विभागासाठी सांगितला होता: सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्ण बोलवा, पुढे सरासरी तपासणीच्या अंतराने एकेक. गोदामातही सकाळच्या पहिल्या वेळेला एक-दोन गाड्या जादा बोलावल्या तर दिवस कोरडा सुरू होत नाही.

तिसरी अडचण गोदामाच्या हातात नसतेच, ती माल पाठवणाऱ्याकडे असते. आपल्याकडे विक्रीचं लक्ष्य महिनाअखेरीला पूर्ण करायचं असतं. एकोणतीस, तीस, एकतीस तारखेला बिलं फाडून माल कारखान्याबाहेर काढला की कागदावर विक्री झाली. समोरच्याने स्लॉट दिला आहे की नाही हे कुणी बघत नाही. मोठ्या किरकोळ साखळ्यांच्या आणि ऑनलाइन विक्री कंपन्यांच्या गोदामांत पुरवठादाराला आधी वेळ घ्यावी लागते आणि ती कधीकधी चार दिवसांनंतरची मिळते. गाडी मात्र आजच निघालेली असते. मग ट्रक म्हणजे चाकांवरचं गोदाम होतं, तेही बिनभाड्याचं. अंतर कमी असेल तर ई-वे बिलाची मुदतही गेटवर उभ्या-उभ्याच संपते, कारण ती दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मिळते. स्लॉट हाती आल्याशिवाय गाडी भरायचीच नाही, हा नियम या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. माल कारखान्यात दोन दिवस थांबला तर त्याला चालक लागत नाही.

आणि शेवटी गेटवरचा व्यवहार. जिथे नंबर आहे तिथे नंबर विकला जातो. शंभराची नोट, नाहीतर ओळखीच्या ट्रान्सपोर्टचं नाव, आणि मागची गाडी पुढे. स्लॉटची यादी फलकावर किंवा चालकाच्या मोबाइलवर असेल तर हे कठीण होतं. पण यादी फक्त ऑफिसातल्या संगणकात असेल तर रखवालदाराची वहीच खरी. मोठं अॅप असायलाच हवं असं नाही. गाडीचा नंबर, वेळ आणि डॉक क्रमांक सांगणारा एक एसएमएस पुरतो.

स्लॉट चुकला तर वाहतूकदाराला दंड, हा नियम गोदामं लगेच करतात. स्लॉट असूनही गाडी वेळेवर लागली नाही तर गोदामाला दंड, हे वाक्य मात्र करारात क्वचित सापडतं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पोर्ट बॉटनी बंदरात हा प्रश्न चिघळला होता. कंटेनर नेणारे ट्रक टर्मिनलच्या दारात तासन् तास उभे राहत. वेळ आरक्षित करण्याची सोय होती, तरी ती पाळण्याचं बंधन एकतर्फी होतं. २०११मध्ये तिथल्या राज्य सरकारने दोन्ही बाजूंना दंड लावला. ट्रक ठरलेल्या वेळेत आला नाही तर वाहतूकदाराने टर्मिनलला पैसे द्यायचे, आणि टर्मिनलने ठरलेल्या वेळेत गाडी मोकळी केली नाही तर टर्मिनलने वाहतूकदाराला. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाट पाहण्याचा खर्च जोवर वाट पाहायला लावणाऱ्याच्या खात्यात पडत नाही, तोवर उत्तमातलं उत्तम सॉफ्टवेअरसुद्धा रांगेचा नुसता फोटो काढतं.

आपल्याकडे हॉल्टिंगचा दर बहुतेक करारांत लिहिलेला असतो. पहिले काही तास किंवा पहिला दिवस मोफत, पुढे दिवसाला अमुक रुपये. पण ते वसूल करताना वाहतूकदार हरतो, कारण त्याच्याकडे पुरावा नसतो. गोदामाच्या वहीत वेळ लिहिली जाते ती गाडी गेटच्या आत आल्याची. पहाटे पाचला आलेली गाडी दुपारी दोनला आत घेतली आणि सहाला सोडली, तर कागदावर ती फक्त चार तास तिथे होती. बाहेरचे नऊ तास झालेच नाहीत.

हे तपासायला पाच वेळा लिहाव्या लागतात: गाडी पोचली कधी, गेटच्या आत आली कधी, डॉकला लागली कधी, डॉकवरून निघाली कधी आणि गेटबाहेर पडली कधी. पहिल्या दोन वेळांतलं अंतर मोठं असेल तर स्लॉटमध्ये दोष आहे. दुसऱ्या-तिसऱ्यात मोठं असेल तर आवारात जागा नाही किंवा कागदपत्रांत घोळ आहे, खरेदी ऑर्डरचा क्रमांक जुळत नाही वगैरे. तिसऱ्या-चौथ्यात असेल तर हमाल कमी आहेत किंवा माल सुटा आहे. इथे ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ हे वाहतूकदारांचं जुनं मागणं आठवतं, कारण मजुरी कोणी द्यायची यावरून वाद झाला की गाडी डॉकला लागूनही दार उघडत नाही. शेवटच्या दोनमध्ये अंतर मोठं असेल तर माल उतरलेला आहे, पण पोच मिळत नाही. दोन खोकी कमी निघाली, सही करणारा साहेब जेवायला गेला, शिक्का कपाटात बंद आहे. सही-शिक्क्याची पोच नसेल तर मालकाला भाडं मिळत नाही, म्हणून चालक रिकामी गाडी घेऊन तिथेच उभा. या अंतरावर स्लॉटचा काहीच उपाय चालत नाही. तिथे मोबाइलवर पोच देण्याची व्यवस्था लागते आणि तुटीचा वाद नंतर, गाडीला मध्ये न ठेवता सोडवण्याची तयारी लागते.

या पाचांपैकी चार वेळा आज बहुतेक गोदामांत कुठे ना कुठे नोंदल्या जातात. लिहिली जात नाही ती पहिली. जीपीएसमुळे ती आता गोदामाच्या मर्जीवर राहिलेली नाही. गाडी गोदामाच्या पाचशे मीटरच्या आत आली की वेळ आपोआप नोंदवता येते, आणि तीच वेळ हॉल्टिंगच्या हिशेबाला ग्राह्य धरायची असं करारात लिहून घेता येतं. ज्या वाहतूकदारांचे करार येत्या एप्रिलमध्ये नव्याने व्हायचे आहेत, त्यांनी भाड्याच्या दरासाठी घासाघीस करण्याआधी हे एक कलम मागून घ्यावं. आणि वाचकांपैकी कुणाचं गोदाम, कारखाना किंवा मोठं दुकान असेल, तर उद्यापासून गेटवरच्या वहीत डावीकडे एक रकाना वाढवा: ‘गाडी पोचल्याची वेळ’. ती चालकाने स्वतःच्या हाताने लिहावी.